वडिलांच्या परदेशातील नियुक्तीनिमित्त एक आठवड्याच्या रजेसाठी अर्ज

दिनांक : २५ नोव्हेंबर २०२४

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
माध्यमिक विद्यालय, वानवडी,
पुणे ४११०४०

विषय : कु. ईश्वरी दत्तात्रय मोहिते (इयत्ता ८ वी, तुकडी ब, हजेरी क्रमांक २३) हिला सोमवार, २ डिसेंबर ते शनिवार, ७ डिसेंबर २०२४ या कालावधीत रजा मिळण्याबाबत.

माननीय महोदया,
सादर प्रणाम.

माझी मुलगी ईश्वरी आपल्या शाळेत इयत्ता ५ वी पासून शिकत आहे. तिचे वडील, नायब सुभेदार दत्तात्रय मोहिते, सैन्याच्या वैद्यकीय सेवेत नर्सिंग असिस्टंट आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदानमधील शांतिसेनेत भारताचे जे पथक आहे, त्याच्या जुबा येथील रुग्णालयात त्यांची एका वर्षासाठी नेमणूक झाली आहे. या नेमणुकीवर कुटुंबाला सोबत नेता येत नाही. वर्षाच्या मध्ये त्यांना रजा मिळाली तरी ती कधी मिळेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पथक निघण्याची नेमकी तारीख या अर्जात लिहिणे मला योग्य वाटत नाही. परंतु ८ डिसेंबरच्या रात्री ते पुण्याहून दिल्लीला रवाना होतील आणि पुढचा प्रवास तिथून होईल, एवढे नक्की आहे.

त्यांना निरोप देण्यासाठी आणि त्यानिमित्त होणाऱ्या घरच्या कार्यासाठी आम्ही सर्वजण रविवार, १ डिसेंबर रोजी आमच्या गावी, पाल (ता. कराड, जि. सातारा) येथे जात आहोत. त्यासाठी ईश्वरीला सहा दिवसांची रजा मंजूर करावी, अशी आपणांस नम्र विनंती आहे. ८ तारखेला आम्ही परत येऊ आणि सोमवार, ९ डिसेंबर रोजी ती नेहमीच्या वेळी वर्गात हजर राहील.

शुक्रवारी मी वर्गशिक्षिका बाईंना भेटले, तेव्हा दोन-तीन दिवसांत हे जमणार नाही का, असे त्यांनी मला आपुलकीने विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. दिवाळीची सुट्टी संपून फार दिवस झालेले नाहीत, त्यात निवडणुकीमुळे शाळा बंद राहिली आणि फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा आहे. म्हणून पूर्ण आठवडा का लागतो, हे सविस्तर लिहिणे मी माझे कर्तव्य समजते.

पहिले कारण असे की, दिवाळीच्या सुट्टीत ईश्वरीचे वडील घरी नव्हते. शांतिसेनेत जाण्यापूर्वीचे प्रशिक्षण, वैद्यकीय तपासण्या आणि पीतज्वराची लस या साऱ्यासाठी त्यांना पुण्याबाहेर राहावे लागले. भाऊबीज उरकून आम्ही दोघी घरीच राहिलो. त्यांना ३० नोव्हेंबरपासून जी रजा मिळाली आहे, तेवढेच दिवस मुलीच्या वाट्याला येणार आहेत आणि त्यानंतर बहुधा ती नववीत गेल्यावरच त्यांची भेट होईल.

दुसरे कारण घरच्या देवाचे आहे. खंडोबा आमचे कुलदैवत असून यंदा मार्गशीर्ष प्रतिपदा २ डिसेंबरला आणि चंपाषष्ठी ७ डिसेंबरला आहे. त्यामुळे षड्रात्राचा घट बसतो त्या दिवसापासून तळी भरेपर्यंतचे सहाही दिवस नेमके शाळेच्या दिवसांवर आले आहेत. माझे सासरे निवृत्त हवालदार आहेत आणि त्यांचे वय ७८ वर्षे आहे. मुलगा घरी असताना सहा दिवस घटाजवळचा दिवा तेवत ठेवण्याचे काम या वर्षी नातीने करावे, अशी त्यांची इच्छा आहे, आणि ईश्वरीने ते आनंदाने स्वीकारले आहे. गुरुवारी संध्याकाळी गावातील माजी सैनिक एकत्र येऊन तिच्या वडिलांचा सत्कार करणार आहेत. मुंबई, सांगली आणि बेळगावकडचे दीर, नणंदा आणि त्यांची मुले शुक्रवारपर्यंत पोहोचतील. शनिवारी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर तळी उचलताना सारे घर एकत्र असेल आणि त्यानंतर ईश्वरीच्या वडिलांचे औक्षण होईल. मधल्या दोन दिवसांसाठी मुलीला पुण्यात ठेवून पुन्हा गावी न्यावे, असाही विचार मी केला होता. पण इथे तिच्याजवळ थांबणारे कोणी नाही, आणि खरे सांगायचे तर तेच दोन दिवस वडिलांना तिच्याजवळ निवांत बसायला मिळणार आहेत.

परवा रात्री व्हिडिओ कॉलवर बोलताना त्यांनी ईश्वरीला नकाशाची वही समोर घ्यायला सांगितली. जुबा शोधून पांढऱ्या नाईलच्या काठी पेन्सिलीने टिंब कर, असे ते म्हणाले. मग दोघांनी मिळून वेळेचा हिशेब केला : तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे ती सकाळी सातला शाळेत पोहोचेल तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. तिने तो हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. त्या दिवसापासून ती घरात जरा कमी बोलते, हे आपल्याला कळवून ठेवते. ९ तारखेनंतरही काही दिवस वर्गात ती गप्प राहिली, तर शिक्षकांनी कृपया तिला समजून घ्यावे.

अभ्यासाची जबाबदारी आम्ही पूर्णपणे घेतो. गणिताच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ‘बहुपदींचा भागाकार’ हे प्रकरण ती निघण्यापूर्वी पूर्ण करील, आणि त्या आठवड्यात सुरू होणाऱ्या ‘सांख्यिकी’तील उदाहरणे मी गावी रोज सकाळी तिच्याकडून सोडवून घेईन. शिष्यवृत्तीचा सराव संच सोबत राहील. रोजचा गृहपाठ तिची मैत्रीण संध्याकाळी माझ्या फोनवर पाठवणार आहे. तिच्या आईशी माझे तसे बोलणे झाले आहे. सर्व वह्या १२ डिसेंबरपर्यंत तपासणीसाठी दिल्या जातील.

दोन विनंत्या मात्र कराव्या लागत आहेत. गुरुवार, ५ डिसेंबर रोजी हिंदीची तोंडी परीक्षा आहे. ती ईश्वरीसाठी २९ किंवा ३० नोव्हेंबरला अथवा ९ तारखेनंतर सोयीच्या कोणत्याही दिवशी घेता आली तर फार उपकार होतील. तसे जमले नाही तर शाळेचा जो नियम असेल तो आम्हाला मान्य राहील. दुसरी विनंती स्नेहसंमेलनाच्या लेझीम पथकासंबंधी आहे. सरावाचे सहा दिवस चुकल्यामुळे तिचे नाव काढावे लागेल की काय, याची तिला काळजी वाटते. बसवलेले हात व पावले ती गावी रोज घटवून येईल. तरीही पथकाची रचना बिघडत असेल तर तिला मागच्या रांगेत उभे करावे, पण शक्यतो वगळू नये.

सोबत तिच्या वडिलांच्या रजेच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. मूळ दाखला पाहायचा असल्यास मी तो घेऊन कार्यालयात येईन. ९ डिसेंबरपासून शाळेच्या नोंदीत तातडीच्या संपर्कासाठी वडिलांऐवजी माझे नाव पहिले ठेवावे. त्यासाठीचा अर्ज मी आजच कार्यालयात स्वतंत्रपणे देत आहे.

या रजेस आपण मंजुरी द्यावी आणि तसे वर्गशिक्षिका बाईंना कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली दत्तात्रय मोहिते
(कु. ईश्वरी हिची आई)

सोबत : रजेच्या दाखल्याची छायाप्रत
प्रत माहितीसाठी : वर्गशिक्षिका, इयत्ता ८ वी ब