नव्या सहकाऱ्याचे पहिले नव्वद दिवस: ग्राहक सहाय्य विभागाचा आराखडा

प्रति: सर्व टीम लीड आणि मनुष्यबळ विभाग
विषय: पुढच्या महिन्यात रुजू होणारी सहा जणांची बॅच

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन आणि चॅट सपोर्टसाठी सहा जण रुजू होत आहेत. मागच्या बॅचमधल्या आठ जणांपैकी तिघांनी तीन महिन्यांच्या आत पेपर टाकले. तिघांच्याही मेलमध्ये कारण एकच होतं, 'अधिक चांगली संधी'. शेवटच्या दिवशीच्या बोलण्यात मात्र निराळंच निघालं. रात्रपाळी असते हे एकाला रुजू झाल्यावर कळलं. दुसरीला चौथ्याच दिवशी लाइव्ह कॉलवर बसवलं, कारण त्या दिवशी क्यू लांबली होती. तिसऱ्याचे दोन महिन्यांत तीन टीम लीड बदलले, आणि आपलं काम बरं चाललंय की वाईट हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पगाराची कुरबुर तिघांनीही केली, पण ती सगळ्यांत शेवटी. माणूस आधी मनातून जातो आणि मग बाहेरचा पगार विचारायला लागतो, असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे या आराखड्यात नव्या माणसाला काय काय शिकवायचं याची यादी थोडक्यात आहे. ती ट्रेनिंग टीमकडे आहेच आणि चांगली आहे. इथे मुख्यतः तुमचा, म्हणजे टीम लीडचा वेळ आखला आहे. ज्यांच्याकडे नवा माणूस येतो आहे त्यांना पहिले सहा आठवडे रोज दीड तास क्यूमधून मोकळं ठेवलं जाईल. रोस्टर त्या हिशेबाने बदललं आहे. गर्दीच्या दिवशीही तो वेळ परत घेतला जाणार नाही. अगदीच अडलं तर त्या वेळेत कॉल मी घेईन.

रुजू होण्याआधी

ऑफर लेटरवर सही झाली की आपल्याकडून एकदम शांतता होते. समोरच्या माणसाचा तेव्हा जुन्या ठिकाणी नोटीस पिरियड चालू असतो, तिथले लोक त्याला थांबवायला बघतात, आणि आपण कागदपत्रांच्या यादीपलीकडे काही पाठवत नाही. आता या काळात दोन गोष्टी करायच्या.

पहिली, काम जसं आहे तसं दाखवायचं. प्रत्येकाला सध्या हेच काम करणाऱ्या एका सहकाऱ्याशी अर्धा तास बोलायला द्या. त्या बोलण्यात लीड नको, मनुष्यबळ विभागही नको. ग्राहकाची ओळख काढून टाकलेली दोन कॉल रेकॉर्डिंग ऐकवा: एक सुरळीत पार पडलेला, आणि दुसरा असा की ग्राहक बारा मिनिटं चिडून बोलतो आहे आणि महिनाअखेरीला त्याचे हिशेब अडकले आहेत. रात्रपाळीचं वेळापत्रक लेखी द्या. नोकरीचं खरं चित्र आधी दाखवण्याची ही पद्धत जुनी आहे. जॉन वॅनस यांनी टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीवर तिचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला होता. या टप्प्यावर कुणी 'मला जमणार नाही' म्हणालं तर त्याला मनवत बसू नका. सहाव्या आठवड्यात जाणारा माणूस आत्ताच गेला, एवढंच झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे टीम लीडने स्वतः पाठवायचा मेसेज. मजकूर असा:

"नमस्कार. सोमवारपासून तुम्ही माझ्या टीममध्ये असाल. सकाळी साडेनऊला मी रिसेप्शनपाशी घ्यायला येईन. लॅपटॉप आणि लॉगिन तयार आहे. पहिले दोन आठवडे तुम्हाला एकही कॉल एकट्याने घ्यायचा नाही, त्यामुळे उत्पादनाचा अभ्यास करून येण्याची गरज नाही. रात्रपाळी तिसऱ्या महिन्यापासून, महिन्यातला एक आठवडा. याबद्दल किंवा दुसऱ्या कशाबद्दल काही विचारायचं असेल तर या नंबरवर थेट फोन करा."

यातलं प्रत्येक वाक्य खरं ठरलं पाहिजे. लॉगिन तयार नसेल तर 'तयार आहे' असं लिहू नका.

पहिला दिवस

कागदपत्रं, बँक खातं, ओळखपत्र हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं. कंपनीच्या इतिहासाचं दीड तासाचं सादरीकरण अर्ध्या तासावर आणलं आहे. वाचलेला तास टीम लीड आणि नव्या माणसाच्या गप्पांसाठी आहे. विषय एकच: तुम्ही कोणत्या प्रकारच्या कामात रमता, आधीच्या कामात तुमचं सगळ्यांत चांगलं काम कोणतं झालं, आणि ते इथे कुठे वापरता येईल.

हे कुणाला शोभेचं वाटेल, म्हणून सांगतो. विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये नव्यांच्या पहिल्याच दिवसावर एक प्रयोग झाला होता. त्यावरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही जणांना कंपनीचा अभिमान वाटेल असं सत्र दिलं, तर काहींना स्वतःची बलस्थानं ओळखून ती कामात कशी आणता येतील यावर विचार करायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत दुसऱ्या गटातली गळती कमी राहिली. आपलं काम जवळजवळ तेच आहे, आणि खर्च एका तासाचा.

त्या सोमवारी टीम लीड रजेवर असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकला. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या हवाली केलेला माणूस पुढेही दुसऱ्याचाच राहतो.

पहिले दोन आठवडे

पहिल्या आठवड्यात दुपारपर्यंत ट्रेनिंग आणि नंतर अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून कॉल ऐकणं. दुसऱ्या आठवड्यात जागा बदला: नवा माणूस तिकीट हाताळेल, अनुभवी शेजारी बसेल. सुरुवात चॅट आणि ईमेलपासून करा, कारण तिथे उत्तर द्यायच्या आधी विचारायला सवड असते.

एकट्याने लाइव्ह कॉल अकराव्या कामाच्या दिवसाआधी नाही. क्यू कितीही लांबली तरी नाही. शिफ्ट मॅनेजरने मागितलं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

प्रत्येकाला एक सोबती ठरवून द्यायचा. तो टीम लीड नसेल, आणि सगळ्यांत हुशार माणूसही नसेल. सहा महिने ते दीड वर्ष झालेला, स्वतः अडखळून शिकलेला आणि तेच तेच विचारलं तरी न वैतागणारा माणूस निवडा. एस्कलेशन कुणाकडे गेलं तर लवकर सुटतं, जेवायला कोण कुणाबरोबर जातं, कोणता मेल लगेच वाचायचा आणि कोणता नाही, हे त्याच्याकडून कळतं. सोबत्याचं तिकिटांचं टार्गेट तीन आठवडे एक चतुर्थांशाने कमी राहील. नाहीतर आपण त्याच्यावर उपकाराचं ओझं टाकतो आणि दुसऱ्या आठवड्यात तो नव्या माणसाला टाळू लागतो.

तिसरा ते सहावा आठवडा

सगळ्यांत नाजूक काळ हा आहे, आणि नेमकं इथेच आपलं लक्ष उडतं. ट्रेनिंग संपलेलं असतं, कौतुक ओसरलेलं असतं, चुका ग्राहकासमोर व्हायला लागतात. शेजारचा माणूस दिवसाला तीस तिकिटं संपवतो आणि आपली नऊ होतात, हे नव्या माणसाला रोज स्क्रीनवर दिसतं. म्हणून नव्या सहा जणांची नावं दहाव्या आठवड्यापर्यंत टीमच्या आकड्यांच्या फलकावर लावायची नाहीत.

कॉलचे प्रकार टप्प्याने वाढवा. तिसऱ्या आठवड्यात पासवर्ड, प्रिंट सेटिंग आणि बिलाचा नमुना. चौथ्यापासून डेटा बॅकअप आणि वापरकर्त्यांच्या परवानग्या. ताळेबंद न जुळण्याच्या तक्रारी सहाव्या आठवड्याआधी नाहीत; त्या तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही घाम फोडतात.

रोज एक कॉल दोघांनी मिळून ऐका आणि त्याच दिवशी बोला. 'छान चाललंय' हा अभिप्राय नव्हे. 'ग्राहकाचं पूर्ण ऐकून घेतलंस हे बरोबर केलंस, पण रिमोट घेण्याआधी परवानगी विचारायची राहिली' हा अभिप्राय. आठवड्यातून एकदा अर्धा तास बंद खोलीत बसा, आणि तिथे तिकिटांचे आकडे काढू नका. ही भेट पुढे ढकलायची असेल तर नवी वेळ त्याच दिवशी द्या.

तिसाव्या दिवसाच्या भेटीत हे प्रश्न विचारायचे:

"मुलाखतीत आम्ही जे सांगितलं त्यातलं काय इथे तसं निघालं नाही?"
"या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना वाटलं की हे आपल्याला जमणार नाही? त्या दिवशी काय झालं होतं?"
"अडल्यावर कुणाला विचारता? कुणाला विचारायचं टाळता?"
"मी काय करायचं थांबवलं तर तुमचं काम सोपं होईल?"

उत्तर आल्यावर लगेच खुलासा द्यायला जाऊ नका. लिहून घ्या. निदान एका गोष्टीवर आठ दिवसांत काहीतरी करा आणि काय केलं ते त्यांना सांगा. जमण्यासारखं नसेल तर तेही सांगा. पाळीची वेळ बदलता येत नसेल, तर 'बघतो' म्हणण्यापेक्षा 'बदलता येणार नाही, कारण असं' हे बरं.

काही खुणांवर नजर ठेवा. प्रश्न विचारणारा माणूस अचानक गप्प झाला, सोमवारच्या रजा वाढल्या, सोबत्याबरोबर जेवायला जाणं बंद झालं, कॅमेरा कायम बंद राहू लागला. यातली एकच गोष्ट असेल तर काही नाही, दोन एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी बोला. 'नोकरी सोडायचा विचार आहे का?' असं थेट विचारलं तर 'नाही'च येणार. 'गेल्या आठवड्यापासून शांत दिसताय, कामातलं काही खुपतंय का?' एवढं पुरे.

साठावा आणि नव्वदावा दिवस

साठाव्या दिवशी प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं की नोकरी पक्की होण्याच्या दिशेने ते कुठे आहेत. कमी पडत असतील तर नेमकं कशात, आणि उरलेल्या महिन्यात काय दिसलं पाहिजे. नव्वदाव्या दिवशी कुणालाही धक्का बसता कामा नये. काही जण या कामासाठी नसतात, आणि त्यांना थांबवून धरणं हा या आराखड्याचा हेतू नाही.

रात्रपाळी तिसऱ्या महिन्यात सुरू होईल. पहिल्या रात्रपाळीत सोबती बरोबर असेल.

नव्वदाव्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांबद्दल बोला: कोणतं मॉड्यूल शिकायचं आहे, ट्रेनिंगमध्ये जायचं आहे का, तांत्रिक बाजूला वळायचं आहे का. बढतीचं आश्वासन देऊ नका.

हिशेब कशाचा ठेवायचा

सहा जणांच्या बॅचमध्ये टक्केवारी काढून काही कळणार नाही. एक जण गेला तरी आकडा भयंकर दिसतो. त्यामुळे आपण आधी आपलं काम मोजू: ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, किती पुढे ढकलल्या, अकराव्या दिवसाआधी कुणाला कॉल दिला गेला का, लीड बदलला का. नव्वद दिवसांत लीड बदलायची वेळ आलीच, तर जुना, नवा आणि तो सहकारी अशा तिघांची एक भेट झाल्याशिवाय बदल लागू होणार नाही. कुणी सोडून गेलंच, तर त्याच्याशी बोलणं त्याच्या लीडकडे नसेल; मनुष्यबळ विभाग दोनदा बोलेल, एकदा शेवटच्या आठवड्यात आणि एकदा दोन महिन्यांनी. अनुभवाचं पत्र हातात पडल्यावर माणूस मोकळेपणाने बोलतो.

येत्या शुक्रवारपर्यंत: प्रत्येक लीडने सोबत्याचं नाव मला कळवावं आणि तिसाव्या, साठाव्या, नव्वदाव्या दिवसाच्या भेटी कॅलेंडरवर टाकाव्यात. दोन्ही रेकॉर्डिंग ट्रेनिंग टीम निवडेल. लॅपटॉप आणि लॉगिनची चाचणी आधीच्या गुरुवारी होईल, आणि ती लीडने स्वतः लॉगिन करून बघायची आहे.

विभागप्रमुख, ग्राहक सहाय्य