परिपत्रक: कार्यालयीन वेळेतील बदलाबाबत

परिपत्रक क्रमांक: मनुष्यबळ/14/2026
दिनांक: 6 जुलै 2026

प्रति,
सर्व अधिकारी व कर्मचारी

विषय: सोमवार, 3 ऑगस्ट 2026 पासून कार्यालयाची वेळ सकाळी 9:00 ते सायंकाळी 5:30 करण्याबाबत

सोमवार, 3 ऑगस्ट 2026 पासून कार्यालयाची वेळ सकाळी 9:30 ते सायंकाळी 6:00 ऐवजी सकाळी 9:00 ते सायंकाळी 5:30 अशी राहील. कामाचे एकूण तास पूर्वीइतकेच, म्हणजे दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस राहतील. वेतन, भत्ते, रजा, साप्ताहिक सुट्ट्या, नेमणुकीच्या अटी आणि कर्मचाऱ्यांची संख्या यांपैकी कशातही या निर्णयामुळे बदल होणार नाही.

या बदलाचे कारण ग्राहकांच्या दूरध्वनीशी संबंधित आहे. आपले बहुतेक ग्राहक त्यांचा दिवस 9 वाजता सुरू करतात आणि मागणीतील दुरुस्ती, माल पोहोचण्याची वेळ किंवा बिलातील तफावत यांविषयी त्यांना जे विचारायचे असते, ते सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातच विचारतात. त्या वेळी आपल्याकडे दूरध्वनी घ्यायला कोणी नसते. 9:30 नंतर आलेला कर्मचारी आधी साठलेल्या निरोपांना उत्तरे देत बसतो, तोवर नवे दूरध्वनी येत राहतात आणि ग्राहक सेवा विभागाची दुपारपर्यंत ओढाताण होते. याउलट सायंकाळी 5:30 नंतर बाहेरून येणारे काम फारच थोडे असते, हे त्या विभागात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

फक्त ग्राहक सेवा विभागाची वेळ बदलून बाकीच्यांची तशीच ठेवावी, असाही विचार झाला होता. तो सोडून द्यावा लागला, कारण ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या विभागाकडे नसतेच. बिलाचे उत्तर लेखा विभागाकडे, मालाचे पाठवणी विभागाकडे आणि दराचे विक्री विभागाकडे असते, त्यामुळे दूरध्वनी घेणारा कर्मचारी 9 वाजता एकटाच हजर राहिला असता तर त्याला ‘थोड्या वेळाने कळवतो’ एवढेच सांगता आले असते. निम्म्या कर्मचाऱ्यांनी लवकर येऊन लवकर जावे आणि निम्म्यांनी नेहमीप्रमाणे यावे, हा पर्यायही तपासला. मात्र छोट्या विभागांत एकाच कामाची माहिती असलेल्या दोन व्यक्ती एकत्र हजर असण्याची वेळ त्यामुळे कमी झाली असती. म्हणून सर्वांसाठी एकच वेळ ठेवणे अधिक सोपे आणि न्याय्य वाटले. विभागप्रमुखांच्या जूनमधील बैठकीत हा निर्णय झाला. तो कोणत्याही एका विभागाच्या किंवा व्यक्तीच्या कामगिरीवरून घेतलेला नाही.

जेवणाची सुट्टी दुपारी 1:00 ते 1:30 अशीच राहील. परिणामी दिवसाचे दोन्ही अर्धे प्रत्येकी चार तासांचे होतील, त्यामुळे अर्ध्या दिवसाची रजा सकाळी घेतली काय किंवा दुपारी घेतली काय, सारखीच ठरेल. सध्याच्या वेळेत तसे होत नव्हते आणि त्याबद्दलची तक्रार रास्त होती. हजेरीसाठी आज असलेली दहा मिनिटांची सवलत पुढेही राहील, म्हणजे 9:10 पर्यंतची हजेरी वेळेवर धरली जाईल. नव्या वेळेची सवय व्हायला काही दिवस लागणार, हे लक्षात घेऊन 3 ते 14 ऑगस्ट या काळात 9:30 पर्यंत येणाऱ्या कोणाच्याही नावावर उशिराची नोंद होणार नाही. त्या दिवशीचे आठ तास पूर्ण करावेत, एवढीच अपेक्षा आहे. कार्यालयाची बस प्रत्येक थांब्यावरून आजच्यापेक्षा अर्धा तास आधी निघेल आणि सायंकाळी 5:40 वाजता परत निघेल. सुरक्षा विभागाच्या पाळ्यांमध्ये कोणताही बदल नाही. सफाई कर्मचाऱ्यांची सकाळची वेळ मात्र अर्ध्या तासाने अलीकडे येईल आणि त्यांचे कामही त्याच प्रमाणात लवकर संपेल. त्याविषयी त्यांच्याशी आजच स्वतंत्रपणे बोलणे झाले आहे.

अर्धा तास लहान दिसत असला, तरी ज्यांना सकाळी मुलांना शाळेत सोडायचे असते, घरी आजारी किंवा वृद्ध व्यक्तीची व्यवस्था लावायची असते किंवा ठरावीक वेळेच्याच वाहनाने यावे लागते, त्यांच्यासाठी तो लहान नसतो. अशा कर्मचाऱ्यांनी आपली अडचण चार ओळींत लिहून शुक्रवार, 17 जुलैपर्यंत मनुष्यबळ विभागाकडे द्यावी. पुरावे जोडण्याची आवश्यकता नाही. विभागप्रमुखांशी चर्चा करून सध्याचीच वेळ चालू ठेवणे किंवा 9:15 ते 5:45 अशी मधली वेळ देणे यांपैकी जे शक्य असेल ते शुक्रवार, 24 जुलैपर्यंत लेखी कळवले जाईल. प्रत्येक विनंती मान्य करता येईलच असे आश्वासन देणे योग्य होणार नाही, कारण काही जागांवर 9 वाजता कोणीतरी असणे हाच या बदलाचा हेतू आहे. परंतु नकार द्यावा लागला तर त्याचे कारणही त्याच पत्रात दिले जाईल. अशी विनंती केल्याचा वार्षिक मूल्यमापनाशी काहीही संबंध राहणार नाही आणि तिचा मजकूर विभागप्रमुख व मनुष्यबळ विभाग यांच्याबाहेर जाणार नाही.

वेळ बदलली की त्यामागे आणखी काहीतरी असावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या निर्णयाच्या पाठोपाठ जाहीर करायचा असा दुसरा कोणताही निर्णय व्यवस्थापनाने राखून ठेवलेला नाही. एखाद्या सहकाऱ्याकडून यापेक्षा वेगळे काही ऐकू आले, तर ते मनात न ठेवता थेट विचारावे. असे विचारणाऱ्याला ‘हे कोणी सांगितले’ असा उलट प्रश्न केला जाणार नाही. हे परिपत्रक सर्व विभागांना आज एकाच वेळी पाठवले असून विभागप्रमुखांकडेही याहून अधिक माहिती नाही.

प्रश्नोत्तरांसाठी गुरुवार, 9 जुलै रोजी दुपारी 4:00 वाजता दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात बैठक होईल. त्या दिवशी बाहेरच्या कामावर असणाऱ्यांसाठी तीच बैठक शुक्रवार, 10 जुलै रोजी सकाळी 11:00 वाजता पुन्हा घेतली जाईल. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, त्यांनी मनुष्यबळ विभागाबाहेरील पेटीत नाव न लिहिता प्रश्न टाकला तरी चालेल. दोन्ही बैठकांतील आणि पेटीतील प्रश्न व त्यांची उत्तरे सोमवार, 13 जुलै रोजी सूचना फलकावर लावली जातील.

नव्या वेळेचा आढावा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतला जाईल. सकाळचे दूरध्वनी वेळेवर घेतले जाऊ लागले का आणि कर्मचाऱ्यांना येण्याजाण्याचा त्रास किती झाला, या दोन्ही गोष्टी त्यात पाहिल्या जातील आणि प्रत्येक विभागातून एक कर्मचारी त्या बैठकीला बोलावला जाईल. आढाव्यानंतर वेळ पुन्हा बदलण्याचे ठरले, तर त्याची सूचनाही आजच्याप्रमाणेच किमान चार आठवडे आधी दिली जाईल.

व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

प्रत: सर्व विभागप्रमुख, स्वागत कक्ष, सुरक्षा विभाग, सूचना फलक