शेवटची तीन अक्षरं

मे महिन्यात जळगावला रात्री अकराला पण गच्चीची फरशी गरम असते, त्यात लाइट गेलेली, लॅपटॉपने मान टाकली, म्हणून गादीवर पडल्या पडल्या मोबाइलवरच पोराची पुल रिक्वेस्ट उघडली. पोरगा म्हणजे आमचा धुळ्याचा ज्युनिअर. बस तिकिटांचं काम आमचं.

"दादा फक्त फ्लॅगचं नाव बदललंय, अप्रूव्ह करून टाका ना, सकाळी रिलीज आहे."

चौदा फाइली, टेस्ट सगळ्या हिरव्या. संध्याकाळी लॅपटॉपवर मी हे सगळं एकदा चाळलं होतं, खोटं कशाला बोलू, बटण दाबायचंच राहिलं होतं, तेवढ्यात आईने शेवभाजी वाढली म्हणून उठलो.

मोबाइलवर ओळ मावेना, शब्द मधूनच तुटून खाली आला:

```js
if (config.refundsEnab
eld) {
```

खाली नुसतं eld. मी म्हटलं हे काय भो, led पाहिजे ना. उठूनच बसलो.

जावास्क्रिप्टची ही जुनी खोड, नसलेली गोष्ट मागितली तरी ओरडत नाही, गुपचूप undefined हातात देते, आणि if ला ते 'नाही'च वाटतं. म्हणजे तिकीट कॅन्सल होणार, सीट मोकळी होणार, 'पैसे 5 ते 7 दिवसांत जमा होतील' असा मेसेजपण जाणार, फक्त रिफंड रांगेत लागणारच नाही. एरर नाही, अलर्ट नाही. आणि लोकं आठवडाभर निवांत बसणार कारण वाट बघा असं आपणच सांगितलंय!

फोन लावला.

"झोपला का?"

"नाही दादा, काय झालं?"

"enabled ची स्पेलिंग सांग."

तो इ एन ए बी करत गेला आणि एल वर थांबला. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, त्याच्याकडे लाइट होती.

"पण दादा, टेस्ट तर पास आहे."

"टेस्टच्या कॉन्फिगमध्ये नाव कुठून घेतलं?"

"...कोडमधून कॉपी केलं."

म्हणजे चूक दोन्हीकडे सारखीच, मग हिरवं नाही होणार तर काय. मी त्याला ओरडलो नाही, ओरडायला तोंड पाहिजे ना, संध्याकाळी माझ्याच डोळ्याखालून गेलं होतं ते.

शेजारच्या खाटेवरून आबा कुशीवर वळले. "काय व्हयनं रे?"

"काही नाही आबा, लोकांचे पैसे अडकणार होते."

"कितला?"

आता काय सांगू कितला. तेवढ्यात गल्लीत पोरं ओरडली, लाइट आली. गादी गुंडाळत होतो तर मोबाइल वाजला, पोराचाच मेसेज.

"दादा पूर्ण कोडमध्ये सर्च मारला. अजून दोन फाइलीत पण eld च आहे."