ठाणवई

सीमांतपूजन आटोपून वराकडची माणसं जेवून खोल्यांवर गेली तेव्हा साडेअकरा झाले होते. रत्नागिरीतलं कार्यालय, मे महिना, वरचे पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. हॉलमध्ये गाद्यांच्या रांगा पडल्या होत्या, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष, मध्ये खुर्च्यांची भिंत.

"अक्षता बांधायच्या राहिल्यात," धाकटी मामी म्हणाली आणि परात माझ्यासमोर ठेवली. "अभी, तूही बस रे. साडेतीनशे पुड्या. दोघं मिळून तासाभरात होईल."

तिने मुद्दाम केलं की सहज, कुणास ठाऊक. अभ्या आणि मी तीन वर्षं बोललो नव्हतो. म्हणजे तीन गणपती. आमच्यात वर्षं तशीच मोजतात.

भांडण आमचं नव्हतंच. राजापूरजवळचं आजोळचं घर विकायला निघालं, मोठ्या मामाने बहिणींकडे हक्कसोडपत्रावर सही मागितली आणि माझ्या आईने दिली नाही. "मला हिस्सा नकोच होता," ती अजून म्हणते. "पण मला थेट रजिस्ट्रार ऑफिसात बोलावलंन. आधी घरी जेवायला बोलावलं असतंन तर तिथल्या तिथे अंगठाही दिला असता." घर तसंच राहिलं, कुलूप लावून. अभ्या हा मोठ्या मामाचा मुलगा. म्हणजे तो तिकडचा आणि मी इकडची, एवढंच.

तर आम्ही बसलो. मी जिलेटिन पेपरचे चौकोन सुटे करत होते, तो चिमूटभर तांदूळ टाकून चारी टोकं पिळत होता. तांदळांना कुंकू जरा जास्तच लागलं होतं; त्याची बोटं पेरापर्यंत लाल झाली होती. पंधरा पुड्या झाल्या, वीस झाल्या. कोणीच बोलेना.

"अक्षता," तो अचानक म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मला कळायला क्षणभर लागला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवे गेले की आजी आम्हाला शब्दांच्या भेंड्या लावायला बसवायची. नियम एकच: घरात असलेलीच वस्तू सांगायची. समोरच्याने "दाखव" म्हटलं तर अंधारात जाऊन हात लावून दाखवायची.

"ताम्हण," मी म्हटलं.

"ण चा न. निरांजन."

"नारळ."

तो थांबला. "ळ वर काही नसतं. भेंडी चढली म्हणायची का मला?"

"ळ चा ल होतो. आजीचा नियम."

"आजीचे नियम तुम्हाला चालतात होय अजून?"

पुडी माझ्या हातातून सुटली. दहा-बारा दाणे सतरंजीवर सांडले. ते एकेक करून वेचताना मी मनात बरंच काही जुळवलं, पण तोंडातून आलं ते, "चालतात. ल."

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "लामणदिवा."

"वैल."

यावर त्याने पहिल्यांदा वर बघितलं. वैल कुणाला आठवते आता? चुलीच्या बाजूची ती दुसरी जागा, मुख्य जाळाच्या धगीवर चालणारी. आजी तिच्यावर दूध ठेवायची आणि साय आमच्यात वाटताना दर वेळी अभ्याला थोडी जास्त द्यायची. हे मी विसरलेले नाही.

"लाटणं."

"न्हाणीघर."

"ती वस्तू आहे?"

"तू लहानपणी बंबामागे लपून बसायचास, तेव्हा ती खोली होती. आता चालेल."

"र," तो हसला, अगदी थोडं. "रोवळी."

पुढे वेग आला. लोटी, टोप, परात, तांब्या. त्याने 'यंत्र' म्हटलं, मी "कसलं?" विचारलं, तर म्हणाला देव्हाऱ्यातलं, तांब्याचं, चौकोनी. खरंच होतं. मी ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात फिरत होते. रहाट म्हटल्यावर मला मागच्या दारची पायरी दिसली, मधोमध झिजलेली. त्यालाही दिसली असणार, कारण तो म्हणाला, "विहिरीकडची पायरी खचली गो. गेल्या पावसात." मी फक्त "हं" केलं. तो मधून मधून जाऊन कुलूप काढतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दीड वाजला. फुलवाला मांडवात शिडीवर चढून झेंडूच्या माळा बांधत होता, त्याच्या मोबाइलवर बारीक आवाजात कसलं तरी भजन चालू होतं. पुड्या अडीचशेच्या वर गेल्या होत्या, आता आम्ही मोजतच नव्हतो.

"टोपली."

"लोखंडी तवा."

"विशेषण नाही चालत. नुसतं लोखंड कुठे होतं आपल्याकडे?"

"मग लिंबू. लोणच्यातलं."

"बरणी." त्याने न काढून दिला, मी 'नाणी' म्हटलं, परत न. 'नथ' म्हणाला, मी 'थाप' म्हणून पाहिलं, "शेणाची थाप वस्तू नाही," मग 'थाळीपीठ' म्हटलं. "वैलीवर शेकलेलं," पुढे जोडलंही. तो वाद घालणार होता, पण ठ स्वतःवर आलाय हे लक्षात येऊन गप्प झाला.

"ठ," मी म्हटलं. "एक, दोन, तीन..."

"थांब."

"ठसा म्हणू नकोस. चार, पाच..."

तो लाल बोटं कपाळावर घासत होता. कपाळावर सकाळच्या नवऱ्यामुलासारखा मळवट भरला होता त्याचा. मी नऊपर्यंत पोचले.

"ठाणवई," अंधारातून आवाज आला.

आई. ती मघापासून भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपली नव्हती.

आम्ही दोघं गप्प. मग खुर्च्यांच्या पलीकडून, पुरुषांच्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला आणि मोठा मामा म्हणाला, "ठाणवई आपल्याकडे नव्हती."

"होती," आई म्हणाली. "माजघराच्या दाराशी तेवायची."

"ती शेजारून आणलेली. परत दिली."

"परत नाही दिली. दादा, तुझा पाय लागून ती पडली, तेल सांडलं, आणि तू आईला माझं नाव सांगितलंस. मार मी खाल्ला."

फुलवाल्याने भजन बंद केलं होतं.

"मार मीपण खाल्ला," मामा बऱ्याच वेळाने म्हणाला. "नंतर. बाबांचा. खरं सांगितलं तेव्हा."

"मला कुठे ठाऊक."

"तू झोपली होतीस."

अभ्या माझ्याकडे बघत होता, हातातली पुडी अर्धी पिळलेली. मी मान हलवली. कसली ते मलाही सांगता येणार नाही.

"माळ्यावर असेल," मामा म्हणाला. "वरचा मोर मोडलाय."

"अहो, चारला उठायचंय," मामींपैकी कुणीतरी करवादलं. "घाणा भरायचाय, नवरीचं न्हाणं आहे. झोपा की."

आम्ही परात बाजूला सारली. अभ्याने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "उत्तर आत्याने दिलंय. भेंडी मला नाही."

"तुलाच. बाहेरची मदत चालत नाही."

"आत्या बाहेरची?"

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून मामाचा आवाज आला, या कुशीवरून त्या कुशीवर वळताना आल्यासारखा:

"ई वरून... इरलं."

"इरलं घरात नसायचं," आई लगेच म्हणाली. "गोठ्यात असायचं."