दिवाळी फराळ जाहिरात: व्हिडिओसाठी ब्रीफ

दादा, फोनवर बोललो ते लिहून देते.

काम एकच: व्हॉट्सॲपवर आगाऊ ऑर्डर. वसुबारसेच्या आठ दिवस आधी बुकिंग बंद, तोवर 300 डबे हवेत. दुकानाचं नाव गाजवणं हा यंदाचा हेतू नाही.

बघणारी कोण? डोंबिवली-ठाण्याहून सकाळी 8.12 पकडून दादरला उतरणारी, पस्तिशीची नोकरदार बाई. तिला चकली येते, वेळ नाही. विकतचा फराळ घेताना तिला जरा अपराधी वाटतं, तेच हलकं करायचंय. म्हणून "आईच्या हातची चव" नको. सगळेच म्हणतात, आणि तिला तेच टोचतं. सासू-सुनेचे विनोदही नकोत.

सांगायचं एवढंच: "भाजणी घरची, तळण आमचं." ती भाजणी आणून देते, आम्ही चकल्या करून देतो. हे दुसरं कोणी करत नाही असा दावा मात्र करू नका.

पहिल्या दोन सेकंदांत सोऱ्यातून तेलात पडणारी चकली दिसू दे, लोगो शेवटी. लोकलमध्ये आवाज बंद असतो, तेव्हा मराठी सबटायटल्स हवीतच. तळाशी चिकटवू नका, रीलचं कॅप्शन त्यावर येतं.

15 सेकंद, उभा, 1080×1920. शेवटची ओळ: "व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या". त्याच शूटमधून दोन स्थिर फोटो. बदलांच्या दोन फेऱ्या, बजेट 18,000. शूट मंगळवारी दुपारी 2 नंतर, सकाळी कढया रिकाम्या नसतात.