सुधारित लेख पाठविण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत विनंतीपत्र

सातारा
10 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

विषय : लेख क्र. 2025/47, ‘माण परगण्यातील दुष्काळ, सूट आणि तगाई’. सुधारित प्रत 20 नोव्हेंबरऐवजी 8 डिसेंबरपर्यंत पाठविण्याची परवानगी मिळणेबाबत.

आपण पाठविलेले दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. लेख इतक्या बारकाईने वाचला गेला याबद्दल दोन्ही परीक्षकांची मी मनापासून ऋणी आहे. पहिल्या परीक्षकांनी सुचविलेले बदल पूर्ण झाले आहेत : वसुलाचा तक्ता नव्याने मांडला आहे आणि सुहूर सन इसवी सनात कसा बदलला, याचे स्पष्टीकरण टिपेत घातले आहे. दुसऱ्या परीक्षकांच्या बहुतेक सूचनाही मार्गी लागल्या आहेत. मुदतवाढ मागत आहे ती त्यांच्या एकाच आक्षेपासाठी, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो.

लेखाच्या तिसऱ्या भागात देशमुख घराण्याच्या खासगी संग्रहातील एका मोडी पत्राचा आधार घेतला आहे. बैल आणि बी-बियाणे यांसाठी तगाई देऊन त्याच पत्रात वसुलाची सूटही मंजूर केलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारे दुसरे पत्र मला या संग्रहात आढळलेले नाही. पत्रावरील सन मी ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर 1192 असा लावला असून त्यानुसार ते 1791–92 च्या दुष्काळातील ठरते. परीक्षकांचे म्हणणे असे, की तेथे ‘तिसैन’ऐवजी ‘सितैन’ही असू शकेल. तसे असल्यास सन 1162 होतो आणि पत्र तीस वर्षे मागे, 1761–62 मध्ये जाते. ते पानिपतानंतरचे पहिलेच वर्ष. थोरले माधवराव नुकतेच पेशवेपदावर आलेले होते. मग ती सूट दुष्काळाची की युद्धाने ओढवलेल्या ओढाताणीची, हा प्रश्न नव्याने उभा राहतो आणि सवाई माधवरावांच्या काळातील कारभाराविषयी मी काढलेला निष्कर्ष त्या पत्रावर टिकत नाही.

नेमका हाच शब्द कागदाच्या आडव्या घडीवर आला आहे. पूर्वी कधीतरी घडी फाटू नये म्हणून कोणीतरी तिच्यावर खळीने कागदाची पट्टी चिकटवली, तिच्याखाली या शब्दाची पहिली दोन अक्षरे झाकली गेली असून ‘ऐन’ एवढाच शेवट स्पष्ट दिसतो. ‘तिसैन’ हे वाचन मी पत्रातील मजकुराच्या संदर्भावरून स्वीकारले होते, परंतु जो काळ सिद्ध करायचा त्याच्याच आधारे सन लावणे परीक्षकांना अपुरे वाटणे स्वाभाविक आहे. छायाचित्र कितीही मोठे करून पाहिले तरी त्यातून याचा निकाल लागणार नाही.

संग्रहाच्या मालकांनी हे पत्र इतर जीर्ण कागदांबरोबर जतनकामासाठी एका प्रयोगशाळेत दिले आहे. तेथे जुनी पट्टी ओलावा देऊन हलकेच सोडविली जाणार आहे. शाई फुटू नये म्हणून हे काम सावकाश करावे लागते आणि त्यासाठी घाई करण्याची विनंती मी केलेली नाही, कारण दोनशेहून अधिक वर्षे टिकलेला कागद माझ्या लेखाच्या मुदतीपेक्षा मोलाचा आहे. प्रयोगशाळेने 28 नोव्हेंबरला कागद पाहण्यास बोलावले आहे. त्यानंतर वाचन निश्चित करणे, एका जाणकार मोडीवाचकांकडून ते स्वतंत्रपणे पडताळून घेणे आणि तिसरा भाग त्यानुसार लिहिणे, एवढ्यासाठी पुढचे दहा दिवस पुरतील.

सन ‘तिसैन’ निघाल्यास उघडलेल्या घडीचे छायाचित्र लेखासोबत देईन. ‘सितैन’ निघाल्यास ते पत्र तिसऱ्या भागातून काढून दुष्काळाबाबतचा निष्कर्ष उरलेल्या कागदांना पेलेल इतकाच ठेवीन आणि 1761–62 च्या सुटीची नोंद स्वतंत्र टिपेत करीन. पट्टीखालची अक्षरे पुसलेली आढळली, तर सन अनिश्चित असल्याचे मजकुरातच स्पष्ट लिहून त्या पत्रावर कोणतेही विधान उभे करणार नाही. तिन्ही शक्यतांत सुधारित प्रत 8 डिसेंबरला आपल्याकडे पोहोचेल. याहून अधिक मुदत मी मागणार नाही.

जानेवारीच्या अंकाची जुळणी पाहता ही तारीख गैरसोयीची असेल, तर लेख पुढील अंकासाठी ठेवण्यास माझी हरकत नाही. तिसरा भाग वगळता उर्वरित सुधारित मजकूर आणि परीक्षकांच्या मुद्द्यांना दिलेली उत्तरे आपणास हवी असल्यास याच आठवड्यात पाठविते, म्हणजे मुद्रितशोधनाचे काम अडणार नाही. आपला निर्णय 20 नोव्हेंबरपूर्वी कळविल्यास आभारी राहीन.

आपली नम्र,
वैशाली जोगळेकर