मालमत्ता कराच्या देयकातील क्षेत्रफळ व दर दुरुस्त करण्याबाबत अर्ज

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. कर निर्धारक व संकलक अधिकारी,
महानगरपालिका, प्रभाग कार्यालय

विषय : मिळकत क्र. ०७/११४२/३ – सन २०२५-२६ च्या देयकात चुकीचे क्षेत्रफळ व बिगरनिवासी दर

महोदय,

वरील मिळकत म्हणजे तळमजल्यावरची माझी सदनिका क्र. ३. २००६ पासून मी येथे राहते व दरवर्षी कर मुदतीत भरते. गेल्या वर्षी देयक ४,५७५ रुपयांचे होते. यंदाचे १५,२५८ रुपयांचे आले आहे.

दोन्ही देयके शेजारी ठेवून पाहिली. मागील देयकात ४६.४५ चौ.मी., वापर निवासी, दरमहा दर २४ रुपये प्रति चौ.मी. यंदा ६४.१० चौ.मी., वापर बिगरनिवासी, दर ५८ रुपये. त्यामुळे दुरुस्तीची १० टक्के वजावट धरूनही वार्षिक करयोग्य मूल्य १२,०४० वरून ४०,१५२ रुपये झाले. घरात एका भिंतीचीही वाढ केलेली नाही.

चूक कुठे झाली असावी, तेही सांगते. आमच्या इमारतीत रस्त्याच्या बाजूला दुकानाचे गाळे आहेत आणि त्यांनाही १ ते ४ असेच क्रमांक आहेत. गाळा क्र. ३ च्या मालकांनी त्यांचे देयक मला दाखवले. त्यावरही पोटमाळ्यासह ६४.१० चौ.मी. हेच क्षेत्र आहे. म्हणजे एकाच गाळ्याची आकारणी दोन मिळकतींवर झाली आहे. गाळेधारकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांचे देयक बरोबरच आहे. पाहणीच्या वेळी गाळ्याची मोजमापे माझ्या सदनिकेच्या नोंदीत चढली, एवढेच दिसते.

माझे वीज बिल घरगुती वर्गवारीतच येते. मंजूर नकाशा व नोंदणीकृत करारनाम्यातही सदनिका ४६.४५ चौ.मी. बांधीव क्षेत्राचीच आहे.

तरी कृपया स्थळपाहणी करून क्षेत्र व वापर पूर्ववत नोंदवावा आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू होणारे सुधारित देयक द्यावे. मी दुपारी घरीच असते. पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवले, तर गाळेधारकही हजर राहतील.

कर चुकवण्याचा माझा हेतू नाही. मागील वर्षाइतके ४,५७५ रुपये हरकत राखून आजच भरले आहेत. उरलेल्या वादग्रस्त रकमेवर निर्णय होईपर्यंत दरमहा २ टक्के शास्ती लावू नये, ही कळकळीची विनंती. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माझ्यासारखीला तो भार झेपणारा नाही.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मिळावा.

आपली विश्वासू,
शालिनी जाधव
मिळकतधारक, सदनिका क्र. ३

सोबत : दोन्ही वर्षांची देयके, आजची पावती, सूची क्र. २, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, वीज बिल, गाळा क्र. ३ च्या देयकाची प्रत (मालकांच्या संमतीने)